कापूर, सुंठ आणि जाड रेशीम: कुरआनातल्या परक्या शब्दांचं मूळ कधी शोधायचं

आपण रोज ज्या खुर्चीवर बसतो तो शब्द आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत तो अरबीतून आला, 'कुर्सी', हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण अरबीतही तो बाहेरूनच आलाय हे फारसं कुणी सांगत नाही. अरबीच्या आधी तो आरामी भाषेत होता, आणि त्याच्याही मागे गेलं की मेसोपोटेमियातल्या अक्कदी भाषेतला 'कुस्सू' सापडतो. आणि हाच 'कुर्सी' शब्द कुरआनातल्या सगळ्यात प्रसिद्ध आयतीत, दुसऱ्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, २५५ व्या आयतीत आहे, ज्यात म्हटलंय की ईश्वराच्या कुर्सीने आकाश आणि पृथ्वी व्यापलीय. आता मराठीत भाषांतर करणाऱ्याने तिथे 'खुर्ची' लिहायचं का? शब्द तोच आहे, अगदी सख्खा. तरी नाही लिहायचं, कारण मराठीत खुर्ची म्हटलं की चार पाय आणि फार तर मंत्रिपद डोळ्यासमोर येतं. तिथे 'आसन' किंवा 'सिंहासन' असंच काहीतरी लागतं.

सांगायचा मुद्दा असा की शब्दाचं मूळ माहीत असणं आणि ते भाषांतरात वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाषांतरकाराचा खरा कस दुसऱ्या गोष्टीत लागतो. मी इथे सगळ्या कुरआनाचं बोलत नाही, एकच सूरा घेतो, ७६ वी, 'अल-इन्सान', म्हणजे 'माणूस'. फक्त ३१ आयती आहेत, पण त्यात स्वर्गाचं वर्णन करताना ओळीने परके शब्द येतात: काफूर, ज़ंजबील, सल्सबील, सुंदुस, इस्तब्रक. यातले दोन तर मुळात आपल्याच बाजूने गेलेत, त्यामुळे मराठीत आणताना वेगळीच गंमत आणि वेगळाच धोका.

त्याआधी एक अडचण समजून घ्यायला पाहिजे. कुरआन स्वतःला 'अरबी मुबीन', म्हणजे स्पष्ट अरबी म्हणवतो, आणि ते एकदा नाही, अनेकदा. मग त्यात परके शब्द आहेत असं म्हणणं म्हणजे त्या दाव्यालाच धक्का देणं नाही का? हा प्रश्न पाश्चात्त्य अभ्यासकांनी उकरून काढलेला नाही, पहिल्या दोन-तीन शतकांतल्या मुस्लिम विद्वानांमध्येच यावर जोरदार वाद होता. इमाम शाफिई (मृत्यू इ.स. ८२०) यांचं ठाम मत होतं की कुरआनात अरबीशिवाय काही नाही, आणि एखादा शब्द तुम्हाला परका वाटला तर त्याचा अर्थ एवढाच की अरबी भाषा अफाट आहे आणि ती सगळी कुणा एकाला येत नाही. व्याकरणकार अबू उबैदा तर म्हणायचे की यात अरबीखेरीज काही आहे असं म्हणणाऱ्याने फारच मोठं विधान केलं. दुसरीकडे तबरी (मृत्यू ९२३) यांनी वेगळीच वाट काढली, त्यांचं म्हणणं की एकच शब्द दोन भाषांत असू शकतो, मग तो एकीने दुसरीकडून घेतला असंच का धरायचं?

मला स्वतःला सगळ्यात पटतं ते अबू उबैद (मृत्यू ८३८) यांचं उत्तर. नाव सारखं वाटतं पण हे वरच्या अबू उबैदांपेक्षा वेगळे. ते म्हणतात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शब्द मुळात परके होते, ते अरबांच्या हाती आले, अरबांनी ते आपल्या जिभेवर घोळवून आपले केले, आणि कुरआन आला तोपर्यंत ते अरबीच झाले होते. 'पगार' हा शब्द पोर्तुगीज आहे हे खरं, पण 'पगार झाला का' असं विचारणारा माणूस पोर्तुगीज बोलत नसतो, शुद्ध मराठीच बोलत असतो. अबू उबैदांचा मुद्दा तोच. आणि भाषांतरकाराला यातून एक पक्का नियम मिळतो: आधी बघायचं ते पहिल्या श्रोत्यांसाठी शब्दाचा अर्थ काय होता हे, मूळ भाषेत काय होता ते नंतर.

आता काफूर. पाचवी आयत म्हणते की सज्जन लोक अशा प्याल्यातून पितील ज्यात काफूर मिसळलेला असेल. अरबीत शब्द बहुतेक वेळा तीन व्यंजनांच्या धातूवरून बनतात, त्यामुळे कोश उघडला की माणूस आपोआप क-फ-र या धातूकडे जातो. या धातूचा जुना अर्थ 'झाकणं', त्यावरूनच 'काफिर', आलेला उपकार झाकणारा, नाकारणारा. म्हणजे स्वर्गातलं पेय आणि काफिर एकाच धातूचे? इथे नवखा भाषांतरकार हमखास अडखळतो, आणि काही जण तर यातून गूढ अर्थही काढत बसतात. त्यात भर म्हणजे तिसऱ्या आयतीच्या शेवटी 'कफूरा' (कृतघ्न) आलंय, चौथीत 'काफिरीन' आलंय आणि पाचवीच्या शेवटी 'काफूरा'. वाचताना कानाला ते जाणवतंच, कफूरा आणि काफूरा, एका स्वराच्या लांबीचा फरक. हा नाद अगदी खरा आहे आणि ऐकणाऱ्यावर त्याचा परिणाम होतो, एक माणूस कृतघ्न निघतो आणि दुसऱ्याला काफूर मिळतो. पण हा नादाचा खेळ आहे, नात्याचा नाही.

कारण हा काफूर म्हणजे आपला कापूर. संस्कृतात कर्पूर, प्राकृतात कप्पूर, मराठीत कापूर, मध्य-फारसीत कापूर, आणि अरबीत 'प' हा आवाजच नाही म्हणून काफूर. झाड सुमात्रा-बोर्निओकडचं, आणि मलय भाषेत 'कापुर' म्हणजे चुना. शब्द तिकडून भारतात आला की भारतातून तिकडे गेला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण अरबस्तानात तो पूर्वेकडून व्यापाराच्या मालाबरोबर पोचला यात शंका नाही. म्हणजे इथे मूळ शोधण्याचा उपयोग काय झाला? शब्दाचा अर्थ बदलला नाही, पण चुकीचा धातू चिकटवण्यापासून आपण वाचलो. माझ्या मते मूळ शोधण्याचा रोजच्या कामातला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, नवा अर्थ सापडणं क्वचित घडतं, खोटा अर्थ गळून पडणं वारंवार.

मग मराठीत सरळ 'कापूर' लिहायचं? इथे सख्खा शब्दच घात करतो. मराठी वाचकाला कापूर म्हणजे आरतीच्या तबकातली पांढरी वडी, आणि ती आता बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनते, खाल्ली तर विषारी ठरते. सातव्या शतकातला तो कापूर म्हणजे झाडाच्या खोडातून मिळणारे स्फटिक, आपल्याकडे ज्याला भीमसेनी कापूर म्हणायचे त्या जातीचा. महाग, दुर्मीळ, सुगंधी, थंडावा देणारा. किती दुर्मीळ, तर जुन्या इतिहासग्रंथांत हकिकत आहे की ६३७ च्या सुमारास अरब सैन्याने इराणी राजधानी जिंकली तेव्हा तिथे सापडलेला कापूर काही सैनिकांनी मीठ समजून अन्नात घातला आणि मग कडू लागला म्हणून तोंडं वाकडी केली. म्हणजे शब्द कवींना, व्यापाऱ्यांना माहीत होता, पण वस्तू सगळ्यांनी पाहिलेली नव्हती. जुन्या भाष्यकारांनीही इथे दोन-तीन अर्थ दिलेत: कापराचा सुवास आणि गारवा असलेलं पेय, किंवा 'काफूर' नावाचा झराच, कारण लगेच पुढच्या आयतीत झऱ्याचा उल्लेख येतो.

मी असतो तर ओळीत 'ज्यात कापराचा सुगंधी गारवा मिसळलेला असेल' असं लिहीन आणि टीपेत दोन वाक्यं: हा खायचा, झाडाचा कापूर, आणि काहींच्या मते हे झऱ्याचं नाव. कर्पूर, मलय, बोर्निओ हे सगळं टीपेतही नको. वाचकाला आयत समजायला त्याची गरज नाही. मोह होतो हो, फार मोह होतो, कारण आपल्याच भाषेचा शब्द कुरआनात सापडल्याचा आनंद वेगळाच असतो, पण तो आनंद भाषांतरकाराचा, त्या आयतीचा नाही.

पुढे १७ वी आयत: अजून एक प्याला, ज्यात ज़ंजबील मिसळलंय. हा शब्द बघितल्याबरोबर शंका यावी असा आहे. ज़-न-ज-ब-ल, पाच व्यंजनं, आणि अस्सल अरबी धातू साधारणपणे तीन व्यंजनांचे असतात, कधीकधी चार. एवढं लांबलचक नाम, त्याचं कुठलंही क्रियापद नाही, आणि वस्तू बाहेरून येणारी, या तीन खुणा एकत्र दिसल्या की परका शब्द असण्याची शक्यता फार वाढते. माग काढत गेलं की आरामीत 'ज़ंगवील' मिळतं, मध्य-फारसीत त्याचंच रूप, पालीत 'सिंगिवेर', संस्कृतात 'शृंगवेर'. संस्कृतवाल्यांनी याची फोड 'शिंगासारखा देह' अशी केली, पण ती बहुधा मागाहून बसवलेली आहे, शब्द मुळात दक्षिणेतला, द्राविडी, तमिळमध्ये आजही आल्याला इंजि म्हणतात आणि वेर म्हणजे मूळ.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे, जवळचं मूळ आणि लांबचं मूळ वेगळं असतं. सुयूती (१४४५ ते १५०५) या इजिप्तच्या विद्वानाने कुरआनातल्या परक्या शब्दांच्या याद्या केल्या, त्याची एक छोटी पुस्तिका तर ११ भाषांप्रमाणे शब्द लावते आणि त्यात 'हिंदी' म्हणजे भारताची भाषाही आहे. पण काफूर, ज़ंजबील आणि मिस्क (कस्तुरी) हे तिन्ही भारताकडे बोट दाखवणारे शब्द तो जुन्या कोशकारांच्या आधाराने फारसी म्हणून नोंदवतो, आणि 'तूबा' हा शब्द, ज्याचा भारताशी काही संबंध दिसत नाही, तो मात्र कुणाच्या तरी मताने हिंदी असल्याचं नोंदवतो. वाचून हसू नका, कारण पहिल्या भागात तो चुकलेला नाही. अरबांपर्यंत हे शब्द शेवटच्या टप्प्यात फारसी-आरामी बोलणाऱ्यांकडूनच आले. अरबाला शब्दाबरोबर जे काही अर्थाचं सामान मिळालं ते त्या शेवटच्या दुकानदाराकडून मिळालं, शेतकऱ्याकडून नाही. म्हणून अर्थ ठरवताना जवळचं मूळ बघायचं, लांबचं मूळ हा शब्दाचा इतिहास म्हणून ठीक. मिस्कचंच घ्या, तो संस्कृत 'मुष्क' म्हणजे वृषण या शब्दावरून आला असं मानतात, हरणाच्या त्या ग्रंथीमुळे. ८३ व्या सूरेत स्वर्गातल्या पेयाची अखेर मिस्कने होते असं म्हटलंय. तिथे मूळ अर्थ ओढून आणणारा माणूस भाषांतर करत नाहीये, आयत मोडतोय.

मग ज़ंजबीलचा अर्थ ठरवायचा कशावरून? त्याच काळातल्या कवितेवरून. भाष्यकार इथे अल-आशा या कवीची ओळ देतात, प्रेयसीच्या मुखाचं वर्णन आहे, जणू लवंग आणि ज़ंजबील रात्रभर तिच्या ओठांत मुरलेत आणि वर ताजा मध. म्हणजे अरब श्रोत्याला ज़ंजबील म्हटल्यावर काय वाटायचं ते कळलं: दूरून येणारा, ऊब देणारा, शृंगारात शोभणारा स्वाद. मराठीत अडचण अशी की आपल्याकडे एका वस्तूला दोन शब्द, ओलं ते आलं, वाळलेली ती सुंठ. समुद्रापलीकडून आणि उंटावरून जाणारा माल बहुतेक वाळलेलाच, म्हणून मी 'सुंठ' घेईन. पण सुंठ म्हटलं की आपल्याला काढा आठवतो, खोकला आठवतो, 'सुंठीवाचून खोकला गेला' आठवतं. सुंठवडा आठवला तर बरं, त्यात निदान गोडवा आणि प्रसाद आहे. म्हणून ओळीत 'सुंठेचा सुवासिक स्वाद' असं थोडं सावरून घ्यायला लागतं, आणि टीप हवी ती शृंगवेराची नाही, त्या कवितेतल्या लवंग-मधाची. आधीचा प्याला गार, हा ऊबदार, ही जोडीही वाचकापर्यंत पोचली पाहिजे.

आतापर्यंत दोन्ही ठिकाणी मूळ शोधून शेवटी बाजूला ठेवलं. पण २१ व्या आयतीत तसं करून चालत नाही. तिथे स्वर्गातल्यांच्या अंगावर हिरव्या सुंदुसचे आणि इस्तब्रकचे कपडे आहेत. सुंदुस म्हणजे तलम रेशीम. आणि इस्तब्रक? अरबी शिकलेल्या माणसाला 'इस्त-' दिसलं की क्रियापदाचा एक ठरावीक साचा आठवतो, आणि मागे उरतं ब-र-क, म्हणजे चमकणं, 'बर्क' म्हणजे वीज. झालं, 'चमचमणारं रेशीम'. किती छान बसतंय! ही चूक आजची नाही, एका जुन्या पठणात हा शब्द खरोखरच त्या क्रियापदाच्या साच्यात असल्यासारखा वाचलेला आहे, आणि ज़मख्शरी (मृत्यू ११४४) या मोठ्या भाष्यकाराने ते बरोबर नाही, हा अरबीत आलेला परका शब्द आहे असं स्पष्ट लिहिलंय. मध्य-फारसीत 'स्तब्र' म्हणजे जाड, मजबूत, त्यावरून 'स्तब्रग' हे जाड रेशमी कापड. शेवटच्या 'ग'चा अरबीत 'क' होणं हेही नेहमीचं, फारसीतून आलेल्या बऱ्याच शब्दांत दिसतं.

आता आयत परत वाचा. तलम रेशीम आणि जाड रेशीम. जोडीच आहे ती! आत नेसायला मऊ, वरून घ्यायला भरदार. 'तलम आणि चमकदार' म्हटलं तर जोडी तुटते. इथे मूळ शोधल्याने अर्थ बदलला, आणि बदललेला अर्थ आयतीत आधीच्यापेक्षा चांगला बसला, शिवाय जुने अरब भाष्यकार मुळातच 'जाड रेशीम' म्हणत आलेत, म्हणजे परंपरेचीही साक्ष आहे. अशा तीन गोष्टी जुळल्या तर मूळ थेट ओळीत उतरवायचं: 'हिरव्या तलम रेशमाचे आणि जाड विणीच्या भरदार रेशमाचे कपडे'. काही जण इथे किनखाब लिहितात, मला ते पटत नाही, किनखाब म्हटलं की जर आली, आणि जर या शब्दात नाही.

या सगळ्या शब्दांचा एकत्र धांडोळा घेणारं इंग्रजीतलं जे पुस्तक आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतं, ते १९३८ मध्ये छापलं गेलं बडोद्यात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, सयाजीराव महाराज गादीवर असताना. लेखक आर्थर जेफ्री, ऑस्ट्रेलियन माणूस. व्यक्ती आणि जागांची नावं सोडून साधारण २७५ शब्द त्यात आहेत. कुरआनातल्या परक्या शब्दांचा हा ग्रंथ मराठी राजाच्या संस्थानातून निघाला हे मला कायम भारी वाटत आलंय. पण ते वापरतानाही सावध राहावं लागतं. अरबी, हिब्रू, आरामी या बहिणी आहेत, त्यामुळे दोन बहिणींकडे एकच शब्द सापडला तर एकीने तो उसना घेतलाच असं नाही, दोघींना आईकडूनही मिळालेला असू शकतो. तबरींचा मुद्दा इथे अजूनही जिवंत आहे. उसना आहे हे म्हणायला आवाजांचा बदल नियमात न बसणारा पाहिजे, किंवा शब्दाचा साचा अरबीला अनोळखी पाहिजे, किंवा वस्तूच बाहेरची पाहिजे.

आणि कधीकधी दोन्ही बाजू खऱ्या असतात, ते सगळ्यात अवघड. 'फुर्कान' घ्या. अरबी धातू फ-र-क, वेगळं करणं, आपला 'फरक' तोच. त्यावरून फुर्कान म्हणजे खरं-खोटं वेगळं करणारा निवाडा. पण सुरयानी भाषेत, म्हणजे आरामीच्याच एका रूपात, 'पुर्काना' म्हणजे सुटका, उद्धार, आणि ती भाषा वापरणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा तो रोजचा धार्मिक शब्द. आठव्या सूरेत बद्रच्या लढाईच्या (६२४) दिवसाला 'फुर्कानचा दिवस' म्हटलंय, ज्या दिवशी दोन सैन्यं समोरासमोर आली. निवाड्याचा दिवस म्हणा, बसतं. सुटकेचा दिवस म्हणा, तेही बसतं, छोट्या संख्येने असलेले मुस्लिम त्या दिवशी वाचले होते. अरब श्रोत्याच्या कानाला मात्र फ-र-क ऐकू येणारच, त्यामुळे ओळीत 'निवाड्याचा दिवस', आणि इथे टीप आखडती घेऊ नये, 'सुटका' हा दुसरा अर्थ पूर्ण वाक्यात, कुठल्या भाषेतून ते सांगून द्यावा, कारण तो न दिल्यास वाचकाचं खरंच काहीतरी जातं.

राहिला सल्सबील, ७६ व्या सूरेतला झरा, १८ वी आयत. 'सल सबीला', म्हणजे 'वाट विचार', अशी फोड काही जुन्या लोकांनी करून बघितली, कुणी घशातून सहज उतरणारं पाणी असं म्हटलं, परक्या भाषेतलं मूळ मात्र कुणालाच पटेल असं दाखवता आलेलं नाही. पण आयतच म्हणते की तिथे एक झरा आहे, 'ज्याचं नाव सल्सबील'. नाव आहे म्हटल्यावर नावच ठेवायचं. आधीच्या ओळीचा शेवट ज़ंजबीला, हिचा सल्सबीला, मोठ्याने म्हणून बघा, पाणी वाहिल्यासारखं वाटतं की नाही. मराठीत मी ते तसंच लिहिलं, टीप दिली नाही.